एक बीजक, तीन दर : १९६६-६७चा विनिमय फरक

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन अमलात आले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला आणि पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर. रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी घटली असे सरकारी भाषेत नोंदले गेले. मात्र ज्याला पौंड फेडायचे होते, त्याला पूर्वीपेक्षा ५७.५ टक्के जास्त रुपये मोजावे लागणार होते. त्या काळातल्या जमाखर्चाचे हिशेब जुळवताना हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत, तर पहिल्याच पायरीवर चूक होते.

पुढे दीड वर्षही झाले नाही, तोच १८ नोव्हेंबर १९६७ रोजी ब्रिटनने पौंडाची किंमत २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणली. रुपयाने आपला डॉलरचा दर बदलला नाही, त्यामुळे पौंड २१ रुपयांवरून १८ रुपयांवर उतरला. म्हणजे त्या काळात ब्रिटनचे देणे असलेल्या आयातदाराला आधी मोठा तोटा आणि मग थोडा नफा, असे दोन्ही अनुभव येऊ शकत होते.

या घोषित दरांवर एक बीजक मांडून पाहू. बीजक उदाहरणापुरते कल्पिलेले आहे, दर मात्र खरे आहेत. एप्रिल १९६६मध्ये ३,००० पौंडांचा कच्चा माल उधारीवर आला. तेव्हाच्या दराने खरेदी आणि धनकोचे देणे, दोन्ही ४०,००० रुपयांना नोंदले गेले. डिसेंबर १९६६मध्ये १,५०० पौंड फेडले. वहीत या निम्म्या देण्याची किंमत २०,००० रुपये होती, पण बँकेतून ३१,५०० रुपये गेले. धनकोच्या खाती नावे २०,०००, विनिमय फरक खाती नावे ११,५०० आणि बँकेच्या खाती जमा ३१,५०० अशी नोंद होते. खरेदीचा आकडा ४०,०००च राहतो. माल ज्या दिवशी घेतला, त्या दिवशीची त्याची किंमत नंतरच्या अवमूल्यनाने बदलत नाही. बदलते ती फक्त उरलेल्या देण्याची रुपयांतली किंमत.

३१ मार्च १९६७ला आणखी १,५०० पौंड देणे बाकी आहे. आजचे लेखा मानक ११ हे देणे वर्षअखेरीच्या दराने पुन्हा मोजायला सांगते. ते ३१,५०० रुपये होते आणि आणखी ११,५०० रुपयांचा तोटा त्याच वर्षी नोंदला जातो. हे मानक १९६७ साली नव्हते, म्हणून ही ओळ आजच्या नियमाने केलेली मांडणी आहे. डिसेंबर १९६७मध्ये ही रक्कम १८च्या दराने, २७,००० रुपयांत फिटते. देणे ३१,५०० नोंदलेले असल्याने ४,५०० रुपयांचा नफा दिसतो. एकूण पैसे गेले ५८,५००, म्हणजे नोंदीपेक्षा १८,५०० जास्त. दोन तोट्यांतून नफा वजा केला की हाच आकडा येतो.

फरकाची नोंद राहून गेली तर ती चूक धनकोच्या खात्यात सापडते. पौंडांच्या स्तंभात बाकी शून्य आणि रुपयांच्या स्तंभात मात्र काही रक्कम शिल्लक, हे त्याचे लक्षण. ती शिल्लक म्हणजे कुणाचे देणे नव्हे, तर नफा-तोटा पत्रकात न पोहोचलेला विनिमय फरक असतो. खऱ्या हिशेबात घोषित दराऐवजी बँकेच्या नावे-सूचनेतला प्रत्यक्ष दर घ्यावा लागतो, कारण बँकेचा विक्री दर घोषित दरापेक्षा थोडा निराळा असतो.

कच्च्या मालाऐवजी यंत्र आयात केले असते तर? अवमूल्यनानंतर १९६७च्या दुसऱ्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ अ घातले. परदेशातून घेतलेल्या मालमत्तेचे देणे दर बदलल्याने वाढले वा घटले, तर तो फरक त्या मालमत्तेच्या मूळ किमतीतच धरायचा, म्हणजे घसाऱ्यातून तो हळूहळू मिळणार. १९६७च्या पौंडाच्या घसरणीने ज्याचे देणे कमी झाले, त्याला किंमत कमी करणे याच कलमामुळे भाग पडले.

सतलज कॉटन मिल्सच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले : चलन व्यापारी व्यवहारासाठी धरलेले असेल तर फरक महसुली, भांडवली मालमत्ता म्हणून असेल तर भांडवली, वहीत कोणती नोंद केली, एवढ्यावरून ते ठरत नाही. मार्च १९६७च्या ओळीसारखा, न फिटलेल्या देण्यावरचा तोटा करात वजा होतो का, हा प्रश्न मात्र बराच काळ वादात राहिला. वूडवर्ड गव्हर्नर खटल्यात २००९ साली न्यायालयाने महसुली देण्यांबाबत होकार दिला. देणे त्या वर्षी निर्माण झालेले आहे आणि वर्षअखेरीचा दर माहीत आहे, म्हणून तोटा कल्पित ठरत नाही. या निकालाने मार्च १९६७च्या त्या ११,५०० रुपयांसारख्या तोट्यालाही त्याच वर्षी जागा मिळते. नंतर पौंड उतरला, तर ४,५०० रुपयांचा नफा पुढच्या वर्षी दाखवावा लागतो.