खाद्यपदार्थ परत मागवल्याची पोस्ट कशी वाचावी? बॅच क्रमांक, रिफंड आणि माफी

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो : "अमुक कंपनीचा मसाला खाऊ नका, कंपनीनेच परत मागवलाय." सोबत पाकिटाचा फोटो असतो, पण बॅच क्रमांक नसतो. मग घरातलं पाकीट फेकायचं की वापरायचं? या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या मूळ सूचनेत असतं.

बॅच म्हणजे काय?

एकाच वेळी, एकाच कच्च्या मालातून तयार झालेला माल म्हणजे एक बॅच. पाकिटावर 'बॅच नं.' किंवा 'लॉट नं.' म्हणून छापलेला अंक-अक्षरांचा कोड तिची ओळख असतो. दोष बहुतेक वेळा एका बॅचपुरता असतो. त्यामुळे सूचनेत हा कोड नसेल, तर चांगला माल कचऱ्यात जातो आणि खराब माल डब्यात राहू शकतो.

एक खरं उदाहरण

जानेवारी २०२५ मध्ये पतंजली फूड्सने लाल मिरची पावडर परत मागवली. तपासणीत कीटकनाशकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने 'एफएसएसएआय' या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसा आदेश दिला होता. कंपनीने सगळी मिरची पावडर परत मागवली नाही. २०० ग्रॅमची पाकिटं, बॅच AJD2400012, एकूण सुमारे ४ टन, एवढाच तो माल होता. जिथून घेतली तिथे पावडर परत द्या आणि पूर्ण पैसे घ्या, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. वेगळा बॅच क्रमांक असलेलं पाकीट या आदेशात येत नव्हतं.

चांगलं कॅप्शन कसं असतं?

समजा, अंबरनाथच्या एका छोट्या फरसाण उत्पादकाच्या चिवड्यात चुकून शेंगदाणे गेले आणि पाकिटावर त्यांचा उल्लेख नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला हे जिवावर बेतू शकतं. त्याची सूचना अशी असावी (नमुना काल्पनिक आहे) :

> परत मागवत आहोत : मका चिवडा, २०० ग्रॅम
> बॅच : MC0412 | पॅकिंग : ४ डिसेंबर
> कारण : या बॅचमध्ये शेंगदाणे आहेत, पाकिटावर तसं लिहिलेलं नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यास खाऊ नका. खाल्ला असेल आणि सूज किंवा श्वासाचा त्रास होत असेल तर लगेच रुग्णालयात जा.
> रिफंड : पाकीट उघडलेलं असलं तरी जिथून घेतलं त्या दुकानात द्या, पूर्ण पैसे मिळतील. बिल नसलं तरी चालेल. दुकानदाराने नकार दिल्यास पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा.
> इतर बॅचवर परिणाम नाही. पॅकिंग करताना आमच्याकडून चूक झाली, माफ करा. उरलेला माल विक्रीतून काढला आहे.
> सूचना दिल्याची तारीख : ९ डिसेंबर

शेवटच्या माफीकडे बघा. "कोणाला त्रास झाला असल्यास दिलगीर आहोत" असं गुळमुळीत वाक्य नाही. चूक कुठे झाली आणि पुढे काय केलं, हे दोन ओळींत आहे. घाबरवणारे शब्द नाहीत, पण धोका लपवलेलाही नाही. सूचनेची तारीखही महत्त्वाची आहे, कारण असे स्क्रीनशॉट वर्षभराने पुन्हा फिरतात.

सुटा माल घेतला असेल तर?

इथे बॅच क्रमांकाचा उपयोग संपतो. मोठ्या पोत्यातून तोलून दिलेल्या मिरचीवर किंवा फरसाणावर कोड नसतो. घरी पाकीट फाडून डब्यात ओतलं की तीच अडचण होते. डबा संपेपर्यंत पाकिटाचा कोड असलेला तुकडा जपून ठेवा. सुट्या मालाबद्दल दुकानदाराला मूळ पोत्यावरचा क्रमांक विचारा. तो कळला नाही, तर तो माल न वापरणं बरं.

पोस्ट खोटी आहे हे कसं ओळखावं?

बॅच क्रमांक आणि तारीख नसेल, तर पोस्ट पुढे पाठवू नका. कंपनीच्या अधिकृत पेजवर तीच सूचना आहे का ते बघा. रिफंडसाठी लिंक उघडून ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला, तर ती फसवणूक आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.

पैसे मिळाले नाहीत किंवा माल अजून विक्रीला असेल तर?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार असुरक्षित माल परत मागवणं उत्पादकाला बंधनकारक आहे. परत मागवलेली बॅच दुकानात दिसली, तर कोडसह फोटो काढा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा. रिफंडची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. तक्रार मिटेपर्यंत पाकीट फेकू नका, तोच तुमचा पुरावा आहे.