सिममधले नंबर आणि फोनमधले नंबर: हँडसेट बदलताना नावं का गायब होतात?

पुणे-नाशिक महामार्गावरच्या कुरुळीत चाकण एमआयडीसीत कामाला जाणारे अनेकजण खोली भाड्याने घेऊन राहतात. गाव दूर असतं, त्यामुळे घरमालक, ठेकेदार, मेसवाले काका, शिफ्टची गाडी, गावाकडचे शेजारी असा सगळा गोतावळा फोनमध्येच असतो. साधा बटणाचा फोन सोडून अँड्रॉइड घ्यायची वेळ आली की दुकानदार सहज सांगतो, "सिम काढून यात टाका, नंबर आपोआप येतील." सिम टाकल्यावर मात्र थोडेच नंबर दिसतात आणि त्यातलीही नावं अर्धवट असतात. असं का होतं आणि काय केलं तर टळतं, ते पाहू.

नंबर नक्की कुठे असतो?

तुम्ही नंबर सेव्ह करता तेव्हा तो तीनपैकी एका ठिकाणी जातो: सिमकार्डवर, फोनच्या स्वतःच्या मेमरीत किंवा गूगल अकाउंटमध्ये. फोनची यादी हे तिन्ही एकत्र दाखवते, म्हणून आपल्याला फरक कळत नाही. बटणाच्या फोनमध्ये सहसा पहिली दोनच ठिकाणं असतात. सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की फक्त सिमवरचे नंबर सोबत येतात. फोनच्या मेमरीतले जुन्या फोनमध्येच राहतात. दुकानदार खोटं बोलत नसतो, तो अर्धंच सांगत असतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सिमवरचे नंबर मोबाईल कंपनीकडे नसतात, ते त्या छोट्या चिपवरच लिहिलेले असतात. सिम हरवलं, खराब झालं किंवा पोर्ट करून नवं घेतलं तर नंबर तोच मिळतो, पण नव्या सिमची वही कोरी असते. भारतभर पोर्टिंग सुरू झालं ते २० जानेवारी २०११ रोजी. तेव्हापासून कंपनी बदलणं सोपं झालं, पण सिमवरची वही काही सोबत येत नाही. दिलासा एवढाच की बंद झालेल्या जुन्या सिमला नेटवर्क नसलं तरी चिप शाबूत असेल तर त्यावरचे नंबर बहुतेक वेळा वाचता येतात. त्यामुळे जुनं सिम लगेच फेकू नका.

सिमची वही किती मोठी?

सिमवर प्रत्येक नंबरासाठी ठरलेल्या मापाची एक ओळ असते. बऱ्याच सिमवर अशा साधारण २५० ओळी असतात. एका ओळीत एक नाव आणि एक नंबर, बस्स. फोटो, पत्ता, दुसरा नंबर यांना तिथे सहसा जागा नसते.

खरी अडचण नावाच्या लांबीची आहे. अनेक सिमवर नावाला सुमारे १४ इंग्रजी अक्षरांचीच जागा असते. समजा तुमच्याकडे `Canteen Thekedar Moshi` आणि `Canteen Thekedar Chakan` असे दोन नंबर आहेत. सिमवर कॉपी केल्यावर दोन्ही `Canteen Theked` असे दिसू शकतात. आता मोशीचा कोणता आणि चाकणचा कोणता, ते फोन लावल्यावरच कळणार. नाव मराठीत असेल तर जागा आणखी कमी पडते. कॉम्प्युटरच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी अक्षरं असतात आणि प्रत्येकाला साधारण दुप्पट जागा लागते. म्हणजे १४ च्या जागेत अशी सहाच मावतात आणि 'कॅन्टीन' हा शब्दसुद्धा 'कॅन्टी' वर तुटतो. काही फोन अक्षरं दाटीने बसवतात, तिथे थोडी जास्त मावतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

म्हणून सिमवरून फोनमध्ये नेणं सुरक्षित आहे, कारण छोट्या जागेतून मोठ्या जागेत काहीच कापलं जात नाही. फोनमधून सिमवर नेणं मात्र शेवटचा उपाय समजा.

बटणाच्या फोनमधून अँड्रॉइडमध्ये

आधी जुन्या फोनच्या मेनूत ब्लूटूथने कॉन्टॅक्ट पाठवायची किंवा मेमरी कार्डवर बॅकअप घ्यायची सोय आहे का बघा. असेल तर शेवटी `.vcf` असलेली फाईल तयार होते. त्यात नावं सहसा पूर्ण राहतात आणि सिमच्या मर्यादेशी संबंध येत नाही. ती फाईल नव्या फोनवर घेऊन गूगलच्या Contacts अ‍ॅपमध्ये `Organise` मधून `Import from file` करा.

ही सोय नसेल तर मग सिमचाच रस्ता. एक हिशेब करून पाहू. समजा फोनच्या मेमरीत ३८० नंबर आहेत, सिमवर आधीचे ४० आहेत आणि सिमची क्षमता २५० आहे. म्हणजे जागा उरली २१० ची. "सगळे कॉपी करा" म्हटलं तर फोन २१० कॉपी करून सिम भरल्याचं सांगेल आणि थांबेल. घाईत ही सूचना आपण बघतच नाही, आणि उरलेले १७० मागे राहतात.

त्यामुळे काम दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत 'कॉपी' निवडा, 'मूव्ह' नको, म्हणजे मूळ नंबर फोनमध्ये राहतील. शेवटचं कोणतं नाव गेलं ते कागदावर लिहून ठेवा. सिम अँड्रॉइडमध्ये घाला, `Organise` मध्ये `Import from SIM` निवडा. कुठे सेव्ह करायचं असं विचारेल तेव्हा `Device` नाही, तुमचा जीमेल निवडा. `Device` निवडलं तर नंबर पुन्हा एकाच हँडसेटमध्ये अडकतात आणि तो चोरीला गेला की तेही गेले. यादीत २५० आले का ते मोजा. मगच सिम परत जुन्या फोनमध्ये घालून सिमवरचे नंबर पुसा आणि कागदावरच्या नावाच्या पुढून उरलेले १७० कॉपी करा. शेवटी एकूण ४२० व्हायला हवेत. आकडा कमी आला तर काय राहिलं ते शोधा, जास्त आला तर काही नंबर दोनदा आलेत. ते `Merge & fix` मधून एकत्र करता येतात.

तुटलेली नावं त्याच दिवशी दुरुस्त करा. जुना फोन शेजारी ठेवला की खरं नाव लगेच दिसतं; तो विकल्यावर कुणाला विचारणार?

सिमला पिन असेल तर जपून. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बंद, आणि त्यावरचे नंबरही गेले.

नंतरची तपासणी

नंबर खरंच जीमेलमध्ये गेले का, हे नव्या फोनच्या यादीवरून कळत नाही, कारण ती सिमवरचेही दाखवते. सिम काढून यादी उघडा, किंवा दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये `contacts.google.com` वर लॉगिन करून पाहा. तिथे दिसले तर ते खरे पोचले. काम झाल्यावर त्या फोनवरून लॉगआउट करायला विसरू नका. त्यानंतर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये नवे नंबर कुठे सेव्ह व्हावेत, तिथेही जीमेलच ठेवा. चुकून काही डिलीट झालं तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या `Trash` मध्ये ते ३० दिवस राहतं.

आयफोन घेणार असाल तर तो सिमवर नंबर लिहीतच नाही, फक्त `Import SIM Contacts` मधून वाचून घेतो. ई-सिमवर जाणार असाल तर सिम बदलण्याआधीच जुन्या सिमवरचे नंबर काढून घ्या. जुना फोन विकण्याआधी तो रीसेट कराच, नाहीतर तुमचा सगळा गोतावळा पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती जाईल. फक्त रीसेट करण्याआधी ते ४२० एकदा मोजून घ्या.