ईसीजीतील पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आली कुठून?

आपल्या ईसीजीच्या फोटोत बहुधा आधी लहान गोलसर उंचवटा, मग टोकदार सुळका आणि शेवटी रुंद उंचवटा दिसतो. ही आकृती प्रथम छायाचित्रातच उमटली. १८८७ मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी हृदयाच्या विजेने नळीतला पारा हलवला आणि सरकत्या काचेवर त्याची सावली टिपली. पण पारा संथ. झटकन होणारा बदल त्यात बोथट होई. नेदरलँड्सच्या आइंटहोवेन यांनी १८९५ मध्ये गणिताने ही त्रुटी काढली. मूळ लाटा होत्या ए, बी, सी, डी. दुरुस्त आलेखातल्या पाच लाटांना त्यांनी पी ते टी ही नावे दिली.

म्हणजे ही नावे आजारांची नाहीत, फक्त क्रमाची आहेत. पहिला उंचवटा पी, सुळका आर, शेवटचा टी. सुळक्याआधी व नंतर खाली उतरणारी टोके क्यू आणि एस. ती प्रत्येक पट्टीत दिसतीलच असे नाही.

फोटो तिरका असेल तर पट्टी मोजू नका, चौकटी मोजा. नेहमीच्या वेगात एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची. दोन सुळक्यांत २० चौकटी असतील तर अंतर ०.८ सेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. हे झाले वर्णन. निदान तुम्हाला तपासूनच होते.