सुपरसॉनिक विंड टनेल सुरू करायला जास्त दाब का लागतो? ‘दुसऱ्या गळ्या’चं काम काय?

विमान किंवा क्षेपणास्त्र ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडताना त्याच्यावर काय परिणाम होतो, हे जमिनीवर तपासायचं असेल तर उलटा मार्ग घ्यावा लागतो. मॉडेल स्थिर ठेवायचं आणि त्याच्यावर त्या वेगाने हवा सोडायची. हे काम सुपरसॉनिक विंड टनेलमध्ये होतं. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये १.२ मीटरचा असा विंड टनेल १९६०च्या दशकापासून वापरात आहे. त्यात आधी टाक्यांमध्ये दाबून भरलेली हवा थोड्या वेळासाठी सोडली जाते. या पद्धतीला ‘ब्लोडाउन’ म्हणतात.

टाकीतली हवा मोजकीच असते. त्यामुळे टनेल किती दाबावर सुरू होतो आणि किती दाबावर चालू राहतो, यावर चाचणीला किती सेकंद मिळणार हे ठरतं. गंमत म्हणजे हे दोन आकडे सारखे नसतात.

हवा ध्वनीपेक्षा वेगवान कशी होते?

टनेलमध्ये हवा आधी निमुळत्या होत जाणाऱ्या आणि मग पुन्हा रुंदावणाऱ्या नळीतून जाते. या नळीला नोझल म्हणतात आणि तिच्या सर्वांत अरुंद जागेला गळा. गळ्यापाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो. पुढे नळी रुंद होत जाते तसा तो आणखी वाढतो. गळ्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर मॅक ३, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेग मिळवण्यासाठी मॉडेल ठेवण्याचा भाग सुमारे ४२३ चौरस सेंटिमीटरचा लागतो. या भागाला चाचणी कक्ष म्हणतात.

दाब गुणोत्तर म्हणजे नोझलच्या आधीचा दाब आणि बाहेर पडण्याच्या टोकाचा दाब यांचं प्रमाण. हवा बाहेर वातावरणात सोडली जात असेल, तर टोकाला साधारण १ बार दाब असतो.

सुरुवातीला अडचण कुठे येते?

व्हॉल्व्ह उघडल्यावर संपूर्ण टनेलमध्ये एकदम मॅक ३चा वेग येत नाही. आधी गळ्याच्या थोडं पुढे एक शॉक वेव्ह तयार होते. ही अतिशय पातळ सीमा असते. तिच्या अलीकडे हवा ध्वनीपेक्षा वेगवान, तर पलीकडे ध्वनीपेक्षा संथ असते. दाब वाढवत नेला की शॉक पुढे सरकते आणि शेवटी चाचणी कक्षात पोचते.

शॉकमधून जाताना हवेची दाब परत मिळवून देण्याची क्षमता कायमची घटते. या क्षमतेला एकूण दाब म्हणतात. वाहती हवा कोणताही तोटा न होता थांबवली तर जो दाब मिळेल, तो एकूण दाब. शॉक जितक्या वेगवान हवेत उभी, तितका तोटा मोठा. मॅक ३ला सरळ उभी शॉक असेल, तर मूळ एकूण दाबाचा फक्त ३३ टक्के भाग उरतो. म्हणून बाहेर १ बार दाब मिळण्यासाठी आत किमान ३.०५ बार द्यावे लागतात. हा सुरू करण्याचा दाब. भिंतीलगतच्या संथ हवेच्या थरामुळे प्रत्यक्षात तो याहून जास्त लागतो.

दुसरा गळा कशासाठी?

एकदा शॉक चाचणी कक्षाबाहेर ढकलली, की तिला एवढ्या वेगवान हवेत उभं ठेवण्याची गरज उरत नाही. म्हणून चाचणी कक्षाच्या पुढे नळी पुन्हा अरुंद केली जाते. हाच दुसरा गळा. अरुंद होत जाणाऱ्या नळीत सुपरसॉनिक हवेचा वेग कमी होतो. मग शॉक या संथावलेल्या हवेत उभी राहते आणि तोटा घटतो.

मग दुसरा गळा हवा तितका अरुंद का करत नाहीत? कारण सुरुवातीला शॉक चाचणी कक्षात असताना सगळी हवा याच गळ्यातून बाहेर पडायची असते. गळ्यातून जास्तीत जास्त किती हवा जाऊ शकते, हे एकूण दाब आणि गळ्याचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरतं. शॉकनंतर एकूण दाब साधारण एक तृतीयांश उरलेला असतो. त्यामुळे पहिल्या गळ्यातून आलेली हवा पुढे जाण्यासाठी दुसरा गळा ३.०५ पट मोठा लागतो. आपल्या उदाहरणात तो किमान ३०५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चाचणी कक्षाच्या सुमारे ७२ टक्के असायला हवा.

एवढा गळा ठेवला तर शॉक तो ओलांडून पलीकडे जाते. आता दुसऱ्या गळ्यात हवेचा वेग सुमारे मॅक २.६५ असतो. दाब कमी करत शॉक गळ्याच्या जवळ आणली, तर टनेल सैद्धांतिकदृष्ट्या २.२६ बारवरही चालू राहतो. म्हणजे सुरू करायला ३.०५, चालवायला २.२६.

फरक किती पडतो?

समजा टाकीत ८ बार दाब आहे आणि हवेचं तापमान बदलत नाही असं धरलं. दाब ३.०५ बारवर कायम ठेवला, तर टाकी तिथपर्यंत उतरली की चाचणी संपते. सुरू झाल्यावर दाब २.२६वर आणला तर दोन फायदे होतात. दर सेकंदाला कमी हवा खर्च होते आणि टाकी आणखी खालपर्यंत वापरता येते. सुरुवातीचे काही क्षण सोडले, तर त्याच टाकीवर चाचणीचा वेळ साधारण दीडपट होतो.

काही टनेलमध्ये दुसऱ्या गळ्याच्या भिंती सरकवता येतात. तो सुरुवातीला ३०५ चौरस सेंटिमीटर ठेवायचा आणि शॉक पलीकडे गेली की अरुंद करायचा. तो २०० पर्यंत आणता आला, तर लागणारं गुणोत्तर सुमारे १.६ पर्यंत उतरतं. पण ते १पर्यंत कधीच जात नाही. भिंतीलगतचा थर गळ्याची जागा खातो आणि गळा फार आवळला तर प्रवाह मोडतो.

टनेल सुरूच झाला नाही तर?

दुसरा गळा लहान पडला किंवा मॉडेल फार मोठं असलं, तर शॉक नोझलमध्येच अडकते. मॉडेलही हवेची वाट अडवतं, त्यामुळे तेही एका गळ्यासारखंच वागतं. अशा वेळी दाब कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. दाबाबरोबर आत येणारी हवाही त्याच प्रमाणात वाढते आणि कोंडी तशीच राहते. उपाय एकच, वाट मोठी करणं.

हे ओळखायचं कसं? चाचणी कक्षाच्या भिंतीवरचा दाब पाहून. ३.०५ बार देऊन टनेल नीट सुरू झाला असेल, तर मॅक ३ला हा दाब फक्त ०.०८ बारच्या आसपास दिसतो. शॉक मागे अडकली असेल तर तो कित्येक पट जास्त येतो.

चालू टनेलमध्ये दाब मर्यादेखाली गेला तर शॉक दुसऱ्या गळ्यावर येते. अरुंद होत जाणाऱ्या भागात ती स्थिर राहू शकत नाही. ती झटक्यात मागे, चाचणी कक्ष ओलांडून नोझलमध्ये जाते आणि मॉडेलला जोरदार हिसका बसतो. त्यानंतर दाब पुन्हा २.२६वर नेऊन भागत नाही. गळा आवळलेला असेल तर आधी तो उघडावा लागतो आणि मग ३.०५ बारपासून सगळी सुरुवात नव्याने करावी लागते. म्हणूनच चाचणी घेताना दाब नेमक्या किमान आकड्यावर न ठेवता त्याच्या थोडा वर ठेवतात.