भाग: जुन्या कपड्यांवर भांडी – कोहमाऱ्याच्या दारातला एक विसरलेला व्यापार

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

आजची गोष्ट माझ्या आजीच्या शालूपासून सुरू होते आणि एका स्टीलच्या डब्यापाशी संपते. मधल्या वाटेवर एक अख्खा व्यापार आहे.

आमचं कोहमारा म्हणजे चौफुली. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, म्हणजे आताचा 53, नागपूरकडून साकोली ओलांडून इथून देवरीकडं, पुढं रायपूर-कलकत्त्याकडं जातो. त्याला गोंदियाहून नवेगावबांधकडं जाणारा रस्ता इथं छेदतो. गाव सडक अर्जुनी तालुक्यातलं. 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. चौफुलीवर एसटी थांबली की त्यातून डोक्यावर भांड्यांचं टोपलं आणि खांद्याला बोचकं घेतलेली बाई उतरायची. पुण्या-मुंबईकडं तिला बोहारीण म्हणतात. आमच्याकडं नुसतं भांडेवाली. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं, हा तिचा धंदा.

कपड्याला किंमत होती तेव्हा

आज आपल्याला प्रश्न पडतो की फाटक्या शर्टावर कोणी भांडं का देईल? त्याचं उत्तर कापडाच्या टंचाईत आहे. दुसऱ्या महायुद्धात कापड इतकं महाग आणि दुर्मिळ झालं की सरकारला 1943 मध्ये कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. त्यानंतरही कितीतरी वर्षं गावातल्या मजुराला नवं धोतर किंवा लुगडं म्हणजे वर्षाची खरेदी होती. अशा माणसाला धुतलेलं, सांधलेलं जुनं कापड निम्म्याहून कमी पैशात मिळालं तर तो घेणारच. त्याच वेळी ज्यांच्या घरात कपडे होते त्यांच्या हातात रोख पैसा कमी, आणि जुना कपडा विकायला बाजारात बसणं कमीपणाचं. भांडेवालीनं या दोघांमधली जागा भरली. घरच्या बाईला पैसे न घेता वस्तू मिळायची, त्यामुळं "विकलं" असं वाटायचं नाही. शिवाय त्या सौद्यात घरातल्या पुरुषाला विचारावं लागत नव्हतं.

या व्यापाराचा मोठा भाग गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाच्या हातात होता. हा समाज आज स्वतःला देवीपूजक म्हणवतो. दिल्लीच्या रघुबीर नगरात त्यांचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो. लूसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर 2010 मध्ये सविस्तर पुस्तक लिहिलं. आमच्या भागात येणाऱ्या बाया कोणत्या समाजाच्या, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती आमची चूक.

उजेडात धरून पाहणं

आता मुख्य गोष्ट. ओट्यावर बोचकं सुटलं की भांडेवाली आधी टोपलं मागं सरकवायची. भांडं दिसत राहिलं की घरची बाई त्यावर अडून बसते. मग एकेक कपडा हातात घ्यायची.

पहिली तपासणी उजेडाची. कपडा दोन्ही हातांत ताणून उन्हाकडं धरायचा. विणीतून उजेड एकसारखा आला तर कापड जिवंत. मध्येच पांढरट पट्टा दिसला तर तिथं सूत झिजलेलं, महिन्याभरात फाटणार. लुगडं नेहमी मधोमध आणि बसण्याच्या जागी विरतं. पँट बैठकीला आणि मांड्यांच्या सांध्यात. शर्ट कॉलरला, बाहीच्या टोकाला आणि काखेत. ती बरोबर याच जागा पाहायची, बाकी कपड्याकडं बघायचीही नाही.

दुसरी तपासणी अंगठ्यांची. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आडवं ओढायचं. "चर्र" असा बारीक आवाज आला की ते कापड चिंधीच्या ढिगात. तिसरी, ओल्या बोटानं रंग घासणं. आणि चौथी खास आमच्या गोंदियाकडची: बिडीची भोकं. छातीवर आणि मांडीवर ठिणगीची बारीक भोकं असायचीच. सुती कपड्यात ती रफू होतात. टेरिकॉटमध्ये भोकाची कड वितळून कडक होते, तिथं रफू धरत नाही.

आजी म्हणायची, "कपडा चांगला आहे बापा, दोनदाच घातला." त्यावर भांडेवाली काही न बोलता कॉलर उलटी करून दाखवायची.

एका डब्याचा हिशेब

एक बोचकं धरू. ऐंशीच्या दशकातलं, आणि आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून. त्यात दोन टेरिकॉट पँट, तीन शर्ट, एक सुती लुगडं आणि एक धोतर. बदल्यात स्टीलचा डबा, जो तिला ठोक दुकानात 60 रुपयांना पडलेला.

घरी नेल्यावर ती माल वेगळा करणार. एक पँट धड आहे, ती धुऊन इस्त्री करून 25 ला जाईल. दुसरीची बैठक गेली, पण पाय चांगले. त्या पायांतून पोराची हाफपँट निघते, 12 रुपये. एक शर्ट चांगला, 15. दोन शर्टांची कॉलर झिजलेली, ती उसवून उलटी बसवायची, कारण आतली बाजू कोरी असते. ते प्रत्येकी 8. लुगडं मधोमध विरलेलं. तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे आडव्या शिवणीनं जोडायचे. याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलं लुगडं थोडं आखूड होतं, पण शेतात रोपं लावणाऱ्या बाईला आखूडच बरं. ते 20 ला. धोतराच्या चिंध्या, 2 रुपये.

एकूण 90. त्यातून डब्याचे 60 गेले, शिलाई, दोरा, बटणं, सोडा आणि निळीचे 10, एसटीचे 8. हातात 12 रुपये राहिले, आणि त्यात तिच्या दोन-तीन दिवसांची मजुरी. आता तो एक चांगला शर्ट काढून घ्या. हिशेब 3 रुपये तोट्यात जातो. म्हणून ती उठता उठता म्हणायची, "माय, याच्यात अजून एक शर्ट टाका." आम्ही त्याला लोभ समजायचो. प्रत्यक्षात तो एक शर्ट म्हणजेच तिचा सगळा नफा.

दुरुस्तीत एक लबाडीही चालायची. आमचा भाग धानाचा, पेजेला तोटा नाही. विरलेल्या कपड्याला घट्ट पेज दिली की तो नव्यासारखा उभा राहतो. जाणतं गिऱ्हाईक म्हणूनच आठवडी बाजारात कपड्याचं टोक मुठीत चुरगाळून पाहायचं. भुकटी झडली आणि कापड लुळं पडलं, तर भाव निम्म्यावर.

भाव ठरायचा तो नव्या कपड्याकडं बघून. जुन्याची किंमत नव्याच्या निम्म्याच्या वर गेली की गिऱ्हाईक म्हणतं, थोडे दिवस थांबू आणि नवंच घेऊ. त्यातही हंगाम महत्त्वाचा. दिवाळीनंतर धान कापून मजुरी हातात यायची, तेव्हा माल पूर्ण भावानं खपायचा. आषाढात तोच शर्ट पडेल भावात द्यावा लागे. ज्या बाईकडं चार महिने माल धरून ठेवायला कोरडी जागा होती, तिला फायदा. झोपडीत गळतीनं कपड्याला बुरशीचे काळे ठिपके पडले, की ते कशानंही जात नाहीत.

शालू

आता आजीचा शालू. लग्नातला, जरीच्या काठाचा, घडीवर चिरलेला. एका भांडेवालीला तो देऊन आजीनं मोठा स्टीलचा डबा घेतला, आणि पुढं कित्येक वर्षं "फसवलं तिनं" म्हणत राहिली.

खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. चांगल्या जरीच्या वजनात निम्म्याहून अधिक चांदी भरते. असा काठ जाळला की रेशीम जातं आणि धातू उरतो, तो सोनाराकडं वितळवून चांदी काढतात. नकली जरीत तार तांब्याची असते. नखानं खरवडली की लालसर दिसते. पुढं आली प्लॅस्टिकची जर, ती ज्योतीजवळ नेताच आक्रसून गोळी होते.

भांडेवालीनं आजीच्या काठाचा एक धागा ओढून काडेपेटीच्या काडीवर धरला होता, हे मला आठवतं. गोळी झाली नाही. म्हणजे प्लॅस्टिक नव्हतं, एवढं नक्की. ती तार चांदीची होती की तांब्याची, हे त्या बाईला कळलं, आजीला नाही. कपड्याच्या बाकी सौद्यांत दोघींना माल सारखाच दिसत होता. जरीच्या सौद्यात फक्त एकीला दिसत होता. आजीचं दुखणं डब्याच्या आकाराचं नव्हतंच, ते या न दिसण्याचं होतं.

धंदा का आटला

टेरिकॉट आलं तेव्हा पहिला धक्का बसला. कपडा फाटेना, म्हणून जुना माल निघेना. आणि निघाला तर त्याची चिंधी विकेना. आमच्या महामार्गावरच्या ट्रक गॅरेजना हात आणि इंजिन पुसायला सुती चिंधी लागते, टेरिकॉट तेल पितच नाही, नुसतं पसरवतं. पूर्वी सगळ्यात वाईट मालालाही तळाचा एक भाव असायचा. तो तळच गेला. मग नवं तयार कापड इतकं स्वस्त झालं की "नव्याच्या निम्मं" या भावात दुरुस्तीची मजुरीही बसेना. भांड्यांच्या जागी प्लॅस्टिकचे टब-बादल्या आल्या, त्या हिशेब जुळवण्यासाठीच. भंडाऱ्याच्या पितळेची जागा स्टीलनं घेतली आणि स्टीलची प्लॅस्टिकनं, ही उतरंड म्हणजे जुन्या कपड्याच्या पडत गेलेल्या भावाचीच.

तो डबा अजून आमच्या घरी आहे. त्यात आता तांदूळ असतात. तुमच्या घरी जरीचं काही जुनं पडलं असेल तर द्यायच्या आधी एक धागा ओढून पाहा: नखानं खरवडा, मग काडीवर धरा. आणि तुमच्या गावी भांडेवालीला काय म्हणायचे, दांड घालणं अजून कोणाला येतं का, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.