वर्गमूळ दोनची सिद्धता : सम-विषमाच्या वाटेवरच्या दोन फटी

मागच्या व्याख्यानात आपण बौधायनाच्या शुल्बसूत्रापर्यंत आलो होतो. चौरसाच्या बाजूवरून कर्ण काढायचा, तर बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. सगळे एकत्र केले की बाजू १ धरून कर्ण येतो ५७७/४०८. शेवटची वजाबाकी सोडून दिली तर उरते १७/१२. म्हणजे एक फूट बाय एक फूट फरशीचा कर्ण सतरा इंच. आपल्या नागपुरातला कोणताही गवंडी हे तोंडपाठ सांगेल, आणि त्याच्या कामापुरते ते बरोबरच आहे.

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारले, "१७ चा वर्ग २८९, आणि १२ च्या वर्गाची दुप्पट २८८. एकाने चुकले. ५७७ चा वर्ग ३३२९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. पुन्हा एकानेच चुकले. मग आणखी मोठे आकडे घेतले तर कधीतरी हा एक नाहीसा होणार नाही कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कितीही अपूर्णांक तपासले तरी याचे उत्तर मिळत नाही, कारण तपासायचे उरलेले नेहमी जास्तच असतात. त्यासाठी सिद्धताच लागते. आपल्याकडे नववीच्या वर्गात ती शिकवतात. आज आम्ही ती नव्याने सांगणार नाही. ती कुठे गळते का, हे बघणार आहोत.

आधी ती पाटीवर मांडू. समजा वर्गमूळ दोन हा p/q असा अपूर्णांक आहे आणि त्याला अतिसंक्षिप्त रूप दिले आहे, म्हणजे p आणि q यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. मग p² = २q². म्हणून p² सम. म्हणून p सम. p = २k लिहू. मग ४k² = २q², म्हणजे q² = २k². म्हणून q² सम, म्हणून q सम. p आणि q दोन्ही सम निघाले, पण त्यांना सामाईक विभाजक नाही असे आपण धरले होते. विसंगती आली. संपले.

सात-आठ ओळींचे काम. पण यात "म्हणून" हा शब्द किती वेळा आला ते बघा. सिद्धता तपासायची म्हणजे प्रत्येक "म्हणून"पाशी थांबून विचारायचे, कशावरून?

पहिली फट आहे "p² सम, म्हणून p सम" इथे. वर्गात विचारले की हमखास उत्तर येते, "२ ने p² ला भाग जातो, मग p लाही जाणारच." आम्हीही विद्यार्थी असताना असेच लिहीत होतो आणि पूर्ण गुण घेत होतो. आता २ च्या जागी ४ ठेवा. ६ चा वर्ग ३६. ४ ने ३६ ला भाग जातो. ६ ला जातो का? नाही जात. म्हणजे "वर्गाला भाग जातो, मग मूळ संख्येलाही जाणारच" हा काही सगळ्या संख्यांना लागू असलेला नियम नाही. तो २ ला लागू आहे, पण का लागू आहे हे सांगायला हवे.

सांगायची रीत उलट्या बाजूने आहे. संख्या विषम असेल तर ती २m + १ अशी असते. तिचा वर्ग ४m² + ४m + १, म्हणजे एक सम संख्या अधिक एक. तो विषमच. तेव्हा p विषम असता तर p² विषम आला असता. तो तर सम आहे. आणि कोणतीही पूर्ण संख्या एक तर सम असते, नाही तर विषम, तिसरा प्रकारच नाही. म्हणून p सम. हे शेवटचे वाक्य कोणी लिहीत नाही, पण सगळा भार त्याच्यावर आहे.

"प्रकार किती, आणि सगळे संपले का" ही पद्धत आपल्या प्रदेशाला परकी नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर कृष्ण दैवज्ञांनी सन १६०० च्या आसपास टीका लिहिली. तिला बीजपल्लव किंवा बीजनवांकुर म्हणतात. कृष्ण दैवज्ञ राहिले काशीला, पण त्यांच्या घराण्याचे मूळ गाव विदर्भातले, पयोष्णीकाठचे दधिग्राम. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्य सांगतात. का नाही, हे कृष्ण दैवज्ञ फोड करून दाखवतात. मूळ असलेच तर ते धन असेल किंवा ऋण असेल. धनाचा वर्ग धन येतो, ऋणाचा वर्गही धनच येतो. मग ज्याचा वर्ग ऋण येईल अशी संख्या आणायची कुठून? शून्य उरले, पण त्याचा वर्ग शून्यच. आपण वर p बद्दल केले ते याच घडणीचे आहे. प्रकार मोजायचे, एकेक बाद करायचा, आणि एकही सुटला नाही याची खात्री करायची. मात्र कृष्ण दैवज्ञांनी वर्गमूळ दोनची सिद्धता दिली, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आम्ही फक्त युक्तिवादाची जात सांगतो आहोत.

आता दुसरी फट. ती आहे अगदी पहिल्या ओळीत, "अतिसंक्षिप्त रूप" या शब्दांत. उत्तरपत्रिकेत हे लिहायचे अनेकदा राहून जाते. मग शेवटी "p आणि q दोन्ही सम, म्हणून विसंगती" असे येते. पण दोन्ही सम असण्यात विसंगती कसली? ६/४ मध्ये दोन्ही सम आहेत, कोणाचे काय बिघडले? तो ३/२ होतो, एवढेच. सुरुवातीला अट घातली नसेल तर शेवटी मोडायला काही उरतच नाही.

बरे, अट घातली. पण ती घालता येते कशावरून? प्रत्येक अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप असतेच, हे कोणी सांगितले? उत्तर साधे आहे. सामाईक विभाजकाने भाग देत गेलो की अंश आणि छेद लहान होत जातात, आणि धन पूर्ण संख्या लहान होत होत कायम खाली जाऊ शकत नाहीत. १०० पासून उतरायला लागलात तर शंभर पायऱ्यांच्या आत थांबावेच लागते. युक्लिडने सातव्या पुस्तकाच्या ३१ व्या प्रमेयात हेच कारण दिले आहे. संख्यांमध्ये असे अंतहीन उतरणे शक्य नाही, असे तो म्हणतो. अपूर्णांकांत मात्र हे चालत नाही. अर्धा, पाव, अर्धपाव असे कितीही खाली जाता येते. म्हणून p आणि q पूर्ण संख्या आहेत, हे त्या पहिल्या ओळीत म्हणावेच लागते.

इथे थोडे इतिहासात जाऊ. या सिद्धतेचा फार जुना उल्लेख अॅरिस्टॉटलकडे सापडतो. कर्ण आणि बाजू एकाच मापाने मोजता येतात असे धरले तर विषम संख्या समाइतकी होते, असे तो एका वाक्यात म्हणतो. सबंध सिद्धता युक्लिडच्या दहाव्या पुस्तकाच्या शेवटी, ११७ वे प्रमेय म्हणून मिळत असे. एकोणिसाव्या शतकात हायबर्गने ग्रीक पाठ संपादित केला, तेव्हा ते मागाहून घातलेले ठरवून परिशिष्टात ठेवले.

या जुन्या रूपाचा शेवट आपल्या पाठ्यपुस्तकाहून वेगळा आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. तिथे p सम निघाल्याबरोबर म्हणतात, आता q विषमच असला पाहिजे, नाहीतर दोघांना २ हा सामाईक विभाजक मिळेल. मग पुढे q सम निघतो. म्हणजे एकच संख्या विषमही आणि समही. अॅरिस्टॉटलचे वाक्य इथे नेमके बसते. शिवाय विषमाचा वर्ग विषम का, याचे कारणही त्या सिद्धतेत दिलेले आहे. विषम संख्या विषम वेळा मिळवली तर बेरीज विषमच येते. आपण पहिली फट म्हटली ती त्या जुन्या लेखकाने बुजवून ठेवली होती.

आता तपासणीची कसोटी. सिद्धता खरी आहे की नुसती तशी दिसते, हे बघायचे तर ती खोट्या विधानावर चालवून बघावी. वर्गमूळ चार म्हणजे २, ही परिमेय संख्या. मग p² = ४q² घेऊन तीच सिद्धता चालवा. p सम निघतो. p = २k लिहिले की ४k² = ४q², म्हणजे k² = q². इथे गाडी थांबते. q सम आहे असे कुठूनच येत नाही. थांबायलाच हवी होती. पण "४ ने p² ला भाग जातो, म्हणून p ला जातो" असे कोणी लिहिले, तर p = ४k होते, मग q² = ४k², आणि गाडी सुसाट पुढे जाऊन वर्गमूळ चार अपरिमेय ठरवते. अशी सिद्धता २ साठी लिहिली तर निष्कर्ष खरा असतो, म्हणून चूक दिसत नाही.

आणखी एक प्रश्न. नुसत्या सम-विषमाने आपण किती दूर जाऊ शकतो? p² = ३q² घ्या. अतिसंक्षिप्त रूपात दोन्ही सम नसतात, आणि एक सम, एक विषम असेल तर दोन बाजू जुळत नाहीत. म्हणजे दोन्ही विषम. आता विषम वर्गाला ८ ने भागले की बाकी नेहमी १ उरते. ९, २५, ४९ घेऊन बघा. कारण तो वर्ग ४m(m + १) + १ असतो, आणि लागोपाठच्या दोन संख्यांत एक सम असतेच. तेव्हा डाव्या बाजूची बाकी १ आणि उजव्या बाजूची ३. जमत नाही. झाले काम. ५, ७, ११, १३, १५ यांनाही हीच युक्ती पुरते. उजवीकडे बाकी ५, ७, ३, ५, ७ येते, १ कधीच नाही. पण १७ ला ८ ने भागले तर बाकी १. दोन्ही बाजूंना १ आणि १, भांडणच नाही. वर्गमूळ सतरा अपरिमेय आहेच, पण ते दाखवायला हे हत्यार चालत नाही.

आणि बघा, प्लेटोच्या थीएटीटस या संवादात थिओडोरस नावाचे गुरू अशी वर्गमुळे एकेक करून सिद्ध करतात. ३ पासून सुरुवात करून ते १७ पर्यंत येतात आणि तिथे अडतात. का अडतात, हे प्लेटो सांगत नाही. सम-विषमाची वाट तिथे संपते म्हणून, असे काही अभ्यासकांचे अनुमान आहे. ते अनुमानच आहे, पुरावा नव्हे. तरी ८ ने भागून १ उरणारी आणि स्वतः वर्ग नसलेली पहिली संख्या १७ आहे, एवढे तुम्ही घरी जाऊन ताडून पाहू शकता. मधे ९ येतो, पण तो ३ चा वर्गच आहे.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे वळू. p² आणि २q² हे दोन्ही पूर्णांक. त्यांच्यातला फरक शून्य कधीच होत नाही, हे दोन्ही फटी बुजवल्यावर आपण खात्रीने म्हणू शकतो. आणि पूर्णांकांत शून्य नसेल तर निदान एकाचा फरक राहणारच. म्हणजे १७ आणि १२ घ्या, किंवा ५७७ आणि ४०८ घ्या, यांची चूक याहून कमी होणे शक्यच नव्हते. मोठे आकडे घेतले तर कर्णाची लांबी आणखी अचूक येईल, पण तो एक तिथेच राहील.