वर्ष-अंक क्रमांक नसलेल्या विशेषांकाचा संदर्भ कसा द्यावा?

एप्रिलमध्ये जयंती विशेषांक, वैशाख पौर्णिमेला बुद्ध जयंती अंक, अशोक विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिन विशेषांक आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचा अंक. चळवळीचा बराचसा इतिहास अशा अंकांतच छापला गेला आहे. जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी, गावोगावच्या परिषदांचे वृत्तांत, धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढीचे अनुभव हे पुस्तकांत क्वचित आणि विशेषांकांत भरपूर सापडतात. यातल्या अनेक अंकांवर ‘वर्ष १२, अंक ४’ असे काही नसते. मुखपृष्ठावर फक्त ‘एप्रिल’ आणि साल असते. मग संशोधक विद्यार्थी अडतो. कोणी तो क्रमांक अंदाजाने घालतो, कोणी ‘जयंती विशेषांकातून’ एवढेच लिहून मोकळा होतो. पहिल्या प्रकारात संदर्भ खोटा ठरतो आणि दुसऱ्या प्रकारात तो तपासताच येत नाही. बाबासाहेबांच्या नावावर कोणीही काहीही खपवत असताना न तपासता येणारा संदर्भ आपल्याच बाजूला कमकुवत करतो.

क्रमांक नसणे हा दोष नाही. शिकागो ही संदर्भ देण्याची प्रचलित पद्धत मासिक-साप्ताहिकांचा उल्लेख तारखेनेच करायला सांगते, अंकावर क्रमांक असला तरीही. म्हणजे महिना आणि वर्ष यांनी क्रमांकाचे काम भागते. अट एकच आहे: दिलेला महिना आणि वर्ष वाचून वाचकाच्या हाती नेमका एकच अंक आला पाहिजे. पुढचे सगळे नियम या अटीतून निघतात.

आधी क्रमांक खरोखर नाही ना, ते पाहा

मुखपृष्ठावर क्रमांक नसला म्हणून तो अंकात नाही असे होत नाही. विशेषांकाचे मुखपृष्ठ सजवताना वर्ष-अंकाची ओळ बऱ्याचदा काढून टाकली जाते, पण आत ती असते. तीन जागा पाहाव्यात: अनुक्रमणिकेचे पान, संपादक मंडळाची नावे असलेले पान, आणि मुद्रक-प्रकाशकाची ओळ. ही ओळ बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. अंक कोणी, कोठे छापला आणि कोठून प्रसिद्ध केला हे तिथे कळते. क्रमांक सापडला नाही तरी प्रकाशनाचे गाव इथेच मिळते, आणि संदर्भात ते लागणारच आहे.

इथे एक चूक वारंवार होते. अंकावर छापलेला आर.एन.आय. नोंदणी क्रमांक किंवा आय.एस.एस.एन. हा अंकाचा क्रमांक समजला जातो. हे दोन्ही क्रमांक नियतकालिकाचे असतात आणि प्रत्येक अंकावर तेच छापलेले असतात. त्यावरून अंक ओळखता येत नाही. टपाल नोंदणीच्या क्रमांकाचेही तेच.

महिना-वर्ष कधी पुरते, कधी पुरत नाही

नियतकालिक किती दिवसांनी निघत होते हे आधी ठरवावे. वर्षातून एकदाच निघणाऱ्या विशेषांकाला महिना-वर्ष पुरेसे आहे. मासिकालाही सहसा पुरते. पाक्षिक किंवा साप्ताहिक असेल तर पुरत नाही, कारण एका महिन्यात दोन ते पाच अंक निघतात. तिथे पूर्ण तारीख द्यायलाच हवी.

मासिकातही एक अडचण येते. काही मासिके एप्रिलचा नेहमीचा अंक काढतात आणि शिवाय जयंती विशेषांक वेगळा काढतात. दोन्हींवर ‘एप्रिल’ आणि तेच साल असते. अशा वेळी विशेषांकाचे नाव संदर्भात आलेच पाहिजे, कारण त्या दोन अंकांतला फरक फक्त त्या नावाने कळतो. विशेषांकाचे नाव अंकावर छापले आहे तसेच लिहावे. मुखपृष्ठावर ‘डॉ. आंबेडकर जयंती विशेषांक’ असेल तर आपण ‘भीमजयंती अंक’ लिहू नये.

जोडअंक असेल, म्हणजे ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ असे छापले असेल, तर दोन्ही महिने तसेच ठेवावेत. ‘डिसेंबर-जानेवारी’ अंकाला दोन साले असतात, तीही दोन्ही द्यावीत. सोयीसाठी एक महिना गाळला की ग्रंथालयात शोधणाऱ्याला तो अंक सापडत नाही.

सणाचे नाव म्हणजे महिना नव्हे

अंकावर महिनाच नसेल आणि फक्त ‘दिवाळी’ किंवा ‘बुद्ध पौर्णिमा’ व साल असेल, तर छापलेले आहे तेच लिहावे. महिना स्वतः ठरवू नये. दिवाळी २०२२ मध्ये ऑक्टोबरात होती, तर २०२३ मध्ये नोव्हेंबरात. बुद्ध पौर्णिमा बहुतेक वर्षी मे महिन्यात येते, पण २०१८ मध्ये ती ३० एप्रिलला होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन काही ठिकाणी १४ ऑक्टोबरला, तर काही ठिकाणी विजयादशमीला साजरा होतो. २०२३ मध्ये विजयादशमी २४ ऑक्टोबरला होती. त्यामुळे ‘दिवाळी २०२२’ हाच नीट संदर्भ आहे. त्याचे ‘नोव्हेंबर २०२२’ करणे ही चूक आहे.

काही अंकांवर फक्त बुद्धाब्द असतो. तो छापील आकड्यातच द्यावा आणि इसवी सन शेजारी चौकटी कंसात लिहावा. आपल्याकडे बुद्धाब्द वैशाख पौर्णिमेला बदलतो. म्हणून पौर्णिमेपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या अंकासाठी ५४४ वजा करावेत, आणि जानेवारीपासून पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंतच्या अंकासाठी ५४३. बुद्धाब्द २५०० च्या वैशाख पौर्णिमेचा अंक म्हणजे १९५६ चा. महिना कळत नसेल तर दोन्ही साले द्यावीत: बुद्धाब्द २५०० [१९५६-५७].

चौकटी कंसाचा नियम सगळीकडे हाच आहे. अंकावर छापलेले नाही, पण आतल्या मजकुरावरून आपण ठरवले आहे, ते चौकटी कंसात लिहावे. संपादकीयाखाली तारीख असेल किंवा जाहिरातीत कार्यक्रमाचा दिवस असेल, तर त्यावरून साल ठरवता येते. मात्र कशावरून ठरवले ते तळटिपेत एका वाक्यात सांगावे.

एक उदाहरण: २७ ऑक्टोबर १९५६

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, तिथेच आपण धर्मांतर का केले हे सांगणारे मोठे भाषण केले. ते ‘प्रबुद्ध भारत’च्या बौद्ध दीक्षा विशेषांकात २७ ऑक्टोबर १९५६ रोजी छापून आले. पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत खंड १८, भाग ३ मध्ये पुन्हा छापले गेले.

या भाषणाचा संदर्भ ‘प्रबुद्ध भारत, ऑक्टोबर १९५६’ असा दिला तर काय होते? ‘जनता’चे नाव ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झाले आणि ते साप्ताहिक होते. म्हणजे ऑक्टोबरातल्या कोणत्या आठवड्याचा अंक पाहायचा हे वाचकाला कळत नाही. ‘प्रबुद्ध भारत, १५ ऑक्टोबर १९५६’ असे लिहिले तर भाषणाची तारीख अंकाची तारीख म्हणून गेली, आणि वाचक नसलेला अंक शोधत बसतो. ‘१४ ऑक्टोबरचे भाषण’ म्हटले तर दीक्षेचा दिवस आणि भाषणाचा दिवस यांची गल्लत झाली. बरोबर संदर्भ असा होईल:

डॉ. बाबासाहेब आंबेडकर, [नागपूर येथील भाषण, १५ ऑक्टोबर १९५६], प्रबुद्ध भारत, बौद्ध दीक्षा विशेषांक, मुंबई, २७ ऑक्टोबर १९५६, पृ. …

भाषणाला आपण नाव दिले आहे म्हणून ते चौकटी कंसात आहे. घडल्याची तारीख त्या नावात आहे आणि छापल्याची तारीख अंकासोबत आहे. दोन्ही वेगळ्या राहिल्या की गोंधळ उरत नाही. पृष्ठांकाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे, कारण तो मूळ अंक समोर असेल तरच भरायचा असतो. भाषण शासनाच्या खंडात वाचले असेल तर संदर्भ त्या खंडाचा द्यावा, पृष्ठांकही खंडाचाच द्यावा, आणि ‘प्रथम प्रसिद्धी: प्रबुद्ध भारत, २७ ऑक्टोबर १९५६’ असे पुढे जोडावे. न पाहिलेल्या अंकाचा संदर्भ पाहिल्यासारखा देणे योग्य नाही. पुनर्मुद्रणात शब्द बदललेला असेल, तर ती चूक मूळ अंकाच्या माथी बसते.

वार्षिक विशेषांकासाठी साचा

दरवर्षी एकदा निघणाऱ्या, क्रमांक नसलेल्या अंकासाठी क्रम असा ठेवावा:

लेखकाचे नाव, ‘लेखाचे शीर्षक’, नियतकालिकाचे नाव, विशेषांकाचे नाव, संपा. संपादकाचे नाव, गाव, महिना वर्ष, पृ. …

वार्षिक अंकांचे संपादक बदलू शकतात, म्हणून संपादकाचे नाव इथे गाळू नये. क्रमांक नसताना तीच अंकाची आणखी एक खूण असते. मंडळाने किंवा विहाराने एकदाच काढलेली स्मरणिका असेल, तर ती नियतकालिक नाही. तिला पुस्तकासारखे धरावे आणि प्रकाशक म्हणून त्या संस्थेचे नाव द्यावे.

पृष्ठांकांबाबत एक सावधगिरी घ्यावी. विशेषांकात जाहिरातींची पाने मध्येमध्ये घातलेली असतात आणि पुष्कळदा त्यांच्यावर क्रमांक नसतो. म्हणून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये दिसणारे ‘पान ५२’ छापील पान ४४ असू शकते. संदर्भात नेहमी छापील आकडा द्यावा. अंकात पृष्ठांकच नसतील तर पाने मोजून आकडा चौकटी कंसात द्यावा आणि मोजणी कोणत्या पानापासून केली ते एकदा सांगावे.

शेवटी, अंक दुर्मिळ असेल तर तो कोठे पाहिला हे लिहावे: कोणते ग्रंथालय किंवा कोणता संग्रह. खासगी संग्रह असेल तर मालकाची परवानगी घेऊनच नाव द्यावे, नाहीतर ‘खासगी संग्रह’ आणि गावाचे नाव पुरते. अंक परत करण्यापूर्वी मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुद्रक-प्रकाशकाची ओळ असलेले पान यांचे फोटो काढून ठेवावेत. लेखाची झेरॉक्स जवळ असते, पण ही तीन पाने नसतात, आणि वर्षभराने संदर्भसूची करताना त्यांच्यावाचूनच काम अडते.

यंदाचा विशेषांक काढणाऱ्या संपादकांनाही आमची एक विनंती आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी अंकाचे नाव, महिना आणि वर्ष छापा. अंकाचे पान सुटे होऊन कोणाच्या हाती आले, तरी ते कोठले आहे हे त्याला सांगता येईल.